रोख, कर्ज की नवे शेअर? कंपनी विकत घेतल्यावर ईपीएस वाढेल की घटेल, हे कसे काढावे

एका कंपनीने दुसरी विकत घेतली की पहिला प्रश्न येतो तो ईपीएसचा, म्हणजे प्रति शेअर कमाईचा. व्यवहारानंतर खरेदीदाराचा ईपीएस वाढला तर व्यवहार ॲक्रीटिव्ह, घटला तर डायल्युटिव्ह. कर्ज काढून घेतले की ईपीएस वाढतो आणि नवे शेअर दिले की घटतो, असा एक समज पक्का बसलेला आहे. खाली एकच व्यवहार तिन्ही मार्गांनी सोडवला आहे. त्यात नेमके उलटे घडते, आणि ते का घडते हे कळले की या विषयातला बराचसा भाग हाती येतो.

आधी आकडे मांडून घेऊ

चलन कोणतेही धरा. खरेदीदार अ कंपनीचा करोत्तर नफा ६०० कोटी आणि शेअर ३० कोटी, म्हणून ईपीएस २०. बाजारभाव ४००, म्हणजे पीई, भाव भागिले ईपीएस, २०. ब कंपनीचा नफा १२० कोटी, शेअर १२ कोटी, ईपीएस १०, भाव १५०, पीई १५. ब कंपनीच्या भागधारकांना राजी करायला भावावर २० टक्के प्रीमियम द्यायचा ठरला. मग दर शेअरला १८० आणि एकूण किंमत २,१६० कोटी. दोन्ही कंपन्यांवर सध्या कर्ज नाही आणि कराचा दर २५ टक्के, असे मानू.

इथे एक गोष्ट सुरुवातीलाच तपासायची. ब कंपनीचे १२ कोटी शेअर हे पूर्ण डायल्युटेड, म्हणजे ऑप्शनमधून येऊ शकणारे शेअरही धरून, आहेत का? कर्मचाऱ्यांना दिलेले ऑप्शन बाजारभावाला नव्हे, तुमच्या देकाराच्या भावाला मोजायचे असतात. समजा १२० च्या भावाने शेअर घेण्याचे ६० लाख ऑप्शन बाहेर आहेत. ते वापरले गेले तर कंपनीकडे ७२ कोटी येतील आणि १८० च्या भावाने त्यातून ४० लाख शेअर परत घेता येतील. उरलेले २० लाख शेअर मात्र तुम्हालाच विकत घ्यावे लागतील, म्हणजे ३६ कोटींचा वाढीव खर्च. १५० च्या भावाला हाच हिशेब १२ लाख शेअर दाखवतो. प्रीमियम वाढवला की शेअरसंख्याही वाढते, आणि घाईत केलेल्या मॉडेलमध्ये हे हमखास सुटते. आपल्या उदाहरणात हा हिशेब होऊनच १२ कोटी आले आहेत असे धरू.

तिन्ही मार्गांनी एकदा सोडवून पाहू

रोख दिली तर शेअरसंख्या ३० कोटीच राहते, पण त्या पैशावर मिळणारे व्याज बुडते. ठेवींवर ६ टक्के मिळत असतील तर करानंतर ४.५ टक्के. २,१६० कोटींवर बुडालेले उत्पन्न ९७.२ कोटी. एकत्र नफा ६०० अधिक १२० वजा ९७.२, म्हणजे ६२२.८ कोटी. त्याला ३० ने भागा: ईपीएस २०.७६. वाढ ३.८ टक्के.

कर्ज ९ टक्क्यांनी काढले तर व्याज १९४.४ कोटी. व्याजावर करसवलत मिळते, म्हणून खरा बोजा १४५.८ कोटी. नफा उरतो ५७४.२ कोटी, शेअर तेच ३० कोटी. ईपीएस १९.१४, म्हणजे ४.३ टक्के घट.

नवे शेअर दिले तर २,१६० भागिले ४००, म्हणजे ५.४ कोटी शेअर छापावे लागतील. नफा पूर्ण ७२० कोटी राहतो, कारण व्याज कुणालाच द्यायचे नाही. शेअर ३५.४ कोटी. ईपीएस २०.३४, म्हणजे १.७ टक्के वाढ.

शेअर दिल्यावर वाढ आणि कर्ज काढल्यावर घट! आकडे चुकलेले नाहीत.

खरी तुलना दरांची असते

ब कंपनीला तुम्ही २,१६० कोटी देता आणि तिच्याकडून वर्षाला १२० कोटी नफा घेता. हा ५.५६ टक्क्यांचा परतावा, म्हणजे तुम्ही दिलेल्या १८ पीईचा व्यस्तांक. आता पैशाचा प्रत्येक स्रोत याच भाषेत मोजा. रोखीचा दर करानंतर ४.५ टक्के. कर्जाचा करानंतर ६.७५ टक्के. नव्या शेअरचा दर म्हणजे अ कंपनीच्या स्वतःच्या पीईचा व्यस्तांक: २० पीई म्हणजे ५ टक्के. ज्या स्रोताचा दर ५.५६ च्या खाली, तो ईपीएस वाढवतो, आणि ज्याचा वर तो घटवतो. कागद-पेन्सिल न घेता उत्तराची दिशा सांगता येते ती यामुळेच.

शेअरचा दर पीईच्या व्यस्तांकाने का मोजायचा? ४०० ला एक नवा शेअर दिला की त्या शेअरबरोबर जुन्या २० च्या ईपीएसचा एक वाटेकरी वाढतो. ४०० मागे २० चा वाटा, म्हणजे ५ टक्के. मात्र ही भांडवलाची खरी किंमत नव्हे. भागधारकाची परताव्याची अपेक्षा त्याहून कितीतरी जास्त असते, ईपीएसच्या हिशेबात ती दिसत नाही एवढेच. हा फरक लक्षात असू द्या, शेवटी तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

व्याजदर खूप खाली असतात तेव्हा कर्जाचा करोत्तर दर दोन-तीन टक्क्यांवर येतो आणि जवळजवळ कुठलाही व्यवहार कर्जाने ॲक्रीटिव्ह दिसू लागतो. वर सांगितलेला समज अशाच काळातला आहे. त्यात नियम असा काही नाही.

याची उलट बाजू अमेरिकी खाद्यकंपनी क्राफ्ट आणि कॅडबरी यांच्या व्यवहारात दिसली. कॅडबरी घेण्यासाठी ३७ कोटींपर्यंत नवे शेअर काढण्याची परवानगी क्राफ्टने भागधारकांकडे मागितली होती. जानेवारी २०१० मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने त्याविरुद्ध मत दिले. बर्कशायर तेव्हा क्राफ्टचा मोठा भागधारक होता. क्राफ्टचा शेअर २७ डॉलरच्या आसपास होता, आणि इतक्या पडत्या भावाचा शेअर हे खरेदीसाठी फार महाग चलन आहे, असा त्यांचा मुद्दा होता. क्राफ्टच्या अंतिम देकारात रोखीचा वाटा आधीपेक्षा वाढवलेला होता. स्वतःचा पीई खाली असेल तर नवे शेअर महाग पडतात, हे आपल्या उदाहरणातही तपासता येते. अ चा पीई २० ऐवजी १५ धरा: शेअरचा दर ६.६७ टक्के होतो आणि तोच व्यवहार डायल्युटिव्ह ठरतो.

हिशेबाला खरा धक्का देणारी पायरी

वरचा हिशेब अजून अपुरा आहे. आयएफआरएस ३, अमेरिकेतील एएससी ८०५ आणि भारतातील इंड एएस १०३ या तिन्ही लेखामानकांनुसार खरेदीदाराला दिलेली किंमत ब कंपनीच्या मालमत्तांवर वाटावी लागते. ब ने स्वतःच्या पुस्तकात कधी न दाखवलेल्या गोष्टी, म्हणजे ग्राहकांशी असलेले करार, तंत्रज्ञान, ब्रँड, या वेळी वाजवी मूल्याने ताळेबंदात येतात. त्यांतल्या ज्यांचे आयुष्य मर्यादित असते त्या दरवर्षी थोड्या थोड्या खर्ची पडतात.

ब ची पुस्तकी निव्वळ मालमत्ता ९०० कोटी आहे आणि अशा अमूर्त मालमत्ता ३०० कोटींच्या निघाल्या, असे समजा. आयुष्य १० वर्षे. दरवर्षीचा खर्च ३० कोटी, करानंतर २२.५ कोटी. हा खर्च बहुधा करखात्याला मान्य नसतो, विशेषतः शेअर विकत घेऊन केलेल्या व्यवहारात. म्हणून ३०० कोटींच्या २५ टक्के, म्हणजे ७५ कोटींचे डिफर्ड टॅक्स दायित्व, पुढच्या वर्षांतल्या कराची तरतूद, सुरुवातीलाच उभे करतात आणि ते दरवर्षी साडेसात कोटींनी उतरते. पुस्तकात २२.५ कोटी दिसतात ते त्यामुळे. उरलेली किंमत गुडविलमध्ये जाते: २,१६० वजा ९००, वजा ३००, अधिक ७५, म्हणजे १,०३५ कोटी.

गुडविल दरवर्षी खर्ची पडत नाही. त्याचे मूल्य टिकून आहे का याची वर्षातून किमान एकदा चाचणी होते आणि घसरले तर एकदम फटका बसतो. अमेरिकेत २००१ पर्यंत गुडविल जास्तीत जास्त ४० वर्षांत खर्ची टाकावे लागे. आपल्या उदाहरणात ते वर्षाला जवळपास २६ कोटी झाले असते. म्हणून जुन्या काळातल्या व्यवहारांची आजच्याशी तुलना करताना जपून.

आता २२.५ कोटी वजा करून पुन्हा भागाकार करा. रोखीने ईपीएस २०.०१, म्हणजे जेमतेम होता तितकाच. शेअरने १९.७०, म्हणजे दीड टक्का घट. कर्जाने १८.३९, म्हणजे ८ टक्के घट. शेअरचा मार्ग ॲक्रीटिव्हचा डायल्युटिव्ह झाला. ब चा परतावा आता ९७.५ भागिले २,१६०, म्हणजे ४.५१ टक्के उरला. त्याच्या खाली फक्त रोखीचा ४.५ टक्के दर आहे, तोही नखभर.

मिश्र मार्गाचाही हिशेब असाच. समजा ४० टक्के शेअर, ३० टक्के रोख, ३० टक्के कर्ज. नवे शेअर २.१६ कोटी, रोखीचा बुडालेला लाभ २९.१६ कोटी, कर्जाचा करोत्तर बोजा ४३.७४ कोटी. नफा ६२४.६ कोटी, शेअर ३२.१६ कोटी, ईपीएस १९.४२. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत बसते:

```
EPS = (PA + PB + (S - A - C*rc - D*rd)*(1 - t)) / (NA + E/MA)
```

यात PA आणि PB हे दोघांचे नफे, S करपूर्व सिनर्जी म्हणजे दोन कंपन्या एकत्र आल्याने होणारा वाढीव नफा, A वार्षिक अमूर्त खर्च, C रोख, D कर्ज, rc आणि rd त्यांचे दर, t कर, NA जुने शेअर, E शेअरने द्यायची रक्कम आणि MA खरेदीदाराचा भाव. C, D आणि E यांची बेरीज खरेदीच्या एकूण खर्चाइतकी येते का, हे दरवेळी वेगळ्या खान्यात तपासा. येत नसेल तर पुढचे सगळे आकडे निरर्थक.

या एकूण खर्चात शेअरची किंमत एवढेच नसते. बँकर आणि वकिलांची फी त्यात येते. ब वर कर्ज असते तर मालकी बदलताच ते फेडण्याची अट करारात आहे का, हेही पाहावे लागले असते. व्यवहाराची फी त्याच वर्षी नफ्यातून जाते, कर्ज उभारणीचा खर्च कर्जाच्या मुदतीवर पसरतो आणि शेअर काढण्याचा खर्च थेट भागभांडवलातून वजा होतो. पहिल्या वर्षाच्या ईपीएसमध्ये एकदाच होणारा खर्च मिसळला की चित्र बिघडते, म्हणून तो वेगळा दाखवावा. तसेच व्यवहार वर्षाच्या मध्यावर पूर्ण होणार असेल तर ब चा नफा, व्याज आणि नवे शेअर हे तिन्ही त्याच तारखेपासून मोजा. नफा वर्षभराचा आणि शेअर सहा महिन्यांचे धरले तर ईपीएस फुकटात वाढतो.

सिनर्जी किती लागेल, हा प्रश्न उलटा विचारा

सिनर्जीचा अंदाज घालून ईपीएस काढण्यापेक्षा, ईपीएस २० वर राहायला किती सिनर्जी लागेल ते काढा. शेअरच्या मार्गाने ३५.४ कोटी शेअरना २० द्यायला ७०८ कोटी नफा हवा आणि आहे ६९७.५. तूट १०.५ कोटी करोत्तर, म्हणजे १४ कोटी करपूर्व. मिश्र मार्गाने ६४३.२ हवेत, आहेत ६२४.६, म्हणून २४.८ कोटी करपूर्व. कर्जाच्या मार्गाने ६४.४ कोटी करपूर्व.

हा आकडा हातात आला की व्यवस्थापनाला विचारता येते: ब चा करपूर्व नफा १६० कोटी आहे, त्यात ६४ कोटींची भर कुठून येणार? दुहेरी कार्यालये बंद करून, की कच्चा माल एकत्र घेऊन? आणि कोणत्या वर्षी? खर्चकपातीची सिनर्जी निदान तपासता येते. विक्री वाढण्याची सिनर्जी मी तरी मूळ हिशेबात धरत नाही, वेगळ्या ओळीत लिहितो.

शेअरच्या मार्गात आणखी एक धोका आहे तो भावाचा. व्यवहार जाहीर झाल्यावर अ चा भाव ४०० वरून ३४० वर आला, असे समजा. दर शेअरला १८० किमतीचे शेअर देऊ, असा शब्द दिला असेल तर आता ६.३५ कोटी शेअर काढावे लागतील. अमूर्त खर्च धरण्याआधीच ईपीएस १९.८१ होतो, कारण अ चा पीई १७ वर आला आणि आपण ब ला १८ देतो आहोत. ब च्या एका शेअरला अ चे ०.४५ शेअर, असे प्रमाण ठरवले असते तर शेअरसंख्या ५.४ कोटीच राहिली असती, पण ब च्या भागधारकांच्या हाती १८० ऐवजी १५३ आले असते. धोका कुणाच्या माथी जातो ते करारातल्या या एका कलमावर ठरते. म्हणून तक्त्यात खरेदीदाराचा भाव एका बाजूला आणि सिनर्जी दुसऱ्या बाजूला ठेवून ईपीएस पाहा. एकच अंतिम आकडा पुढे करणाऱ्या अहवालावर फार विसंबू नये.

ईपीएस वाढला म्हणजे व्यवहार चांगला ठरतो का?

नाही. जास्त पीईच्या कंपनीने शेअर देऊन कमी पीईची कंपनी घेतली की ईपीएस वाढतो, मग दोन्ही धंद्यांत काडीचाही बदल झाला नसला तरी. अमेरिकेतल्या १९६० च्या दशकातल्या काँग्लोमरेट, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले अनेक धंदे गोळा करणाऱ्या, कंपन्या याच गणितावर फुगल्या. खरेदीने ईपीएस वाढे, बाजार ती धंद्याची वाढ समजून पीई टिकवी, आणि त्याच शेअरने पुढची कंपनी घेतली जाई. पीई घसरताच गाडा थांबला. लिटन इंडस्ट्रीजने जानेवारी १९६८ मध्ये नफा घटल्याची कबुली दिल्यावर तिचा शेअर कोसळला.

आपल्या व्यवहाराला वेगळी कसोटी लावू. बाजाराच्या मते ब ची किंमत १,८०० कोटी होती आणि आपण ३६० कोटी प्रीमियम दिला. ते वसूल व्हायला सिनर्जीचे आजचे मूल्य निदान ३६० कोटी हवे. भांडवलाची किंमत १० टक्के आणि सिनर्जी कायम टिकणारी धरली तरी वर्षाला करोत्तर ३६ कोटी लागतात, म्हणजे करपूर्व ४८ कोटी.

आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. शेअरच्या मार्गाने ईपीएस टिकवायला १४ कोटी पुरतात. तेवढीच सिनर्जी मिळाली तर तिचे मूल्य १०५ कोटी, आणि ३६० पैकी २५५ कोटी पाण्यात. तरीही ईपीएस घटलेला नाही, असे जाहीर करता येते. (शेअर घेणारे ब चे भागधारक एकत्र कंपनीत १५ टक्क्यांचे वाटेकरी होतात, म्हणून थोडा तोटा त्यांच्याही वाट्याला येतो. रोख घेतली असती तर तो पूर्ण अ च्या लोकांनी सोसला असता.) उलट कर्जाने घेतले आणि ५५ कोटींची सिनर्जी मिळाली, तर प्रीमियम वसूल होतो, पण ६४.४ चा आकडा न गाठल्याने ईपीएस घटलेला दिसतो. चांगला व्यवहार वाईट दिसतो आणि वाईट व्यवहार चांगला.

कर्जाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. आधी कर्जमुक्त असलेल्या कंपनीवर १९४.४ कोटींचे व्याज येते, आणि अमूर्त खर्चानंतरचा व्याजपूर्व नफा सुमारे ९३० कोटी, म्हणजे व्याजाच्या पावणेपाच पट. हे धोक्याचे नसले तरी शेअर पूर्वीपेक्षा जोखमीचा झाला. बाजार त्याला आधीचाच २० पीई देईल असे गृहीत धरणारा ईपीएसचा हिशेब अर्धाच आहे. रोखीलाही हेच लागू होते: साठवलेली रोख गेली की वाईट वर्षात टिकून राहण्याची ताकद तेवढी घटते.

व्यवहाराच्या जाहीर निवेदनात पहिल्या वर्षापासून ॲक्रीटिव्ह असे वाक्य दिसले की तळटीप आधी वाचा. तो ईपीएस बहुधा ॲडजस्टेड असतो, म्हणजे अमूर्त मालमत्तेचा खर्च वगळलेला. आपल्या उदाहरणात एवढ्याने शेअरचा मार्ग १९.७० वरून पुन्हा २०.३४ वर जातो. मग पाहायचे, सिनर्जी पूर्ण धरली आहे की पहिल्या वर्षी प्रत्यक्ष मिळेल तेवढीच, आणि ती मिळवायला लागणारा एकवेळचा खर्च कुठे टाकला आहे. शेवटी रोखीवर किती व्याज धरले आहे ते शोधा. तो दर ६ ऐवजी ३ टक्के धरला तर रोखीच्या मार्गाचा ईपीएस दर शेअरला तब्बल १.६२ ने जास्त दिसतो.